प्रत्येक कडव्याचे यमक वेगळे? कच्च्या कवितेची यमकरचना तपासण्याची आणि ठरवण्याची रीत

कविता एका बैठकीत क्वचितच पुरी होते. दोन कडवी रात्री सुचतात, तिसरे चार दिवसांनी बसमध्ये, शेवटचे पुढच्या महिन्यात. तोवर पहिल्या दोन कडव्यांत आपण यमक कुठे जुळवले होते, हे डोक्यातून गेलेले असते. नवे कडवे स्वतःची वेगळीच रचना घेऊन येते. कडवे सुटे वाचले तर यमक छान जुळलेले दिसते, त्यामुळे लिहिणाऱ्याला चूक सापडत नाही. ऐकणाऱ्याला मात्र तिसऱ्या-चौथ्या कडव्यात कुठेतरी पाय अडखळल्यासारखे होते. कशाने, ते त्यालाही सांगता येत नाही.

हा अडखळा कागदावर कसा शोधायचा आणि सापडल्यावर कोणती रचना ठेवायची, ते माझ्याच एका कच्च्या कवितेवर दाखवतो. ती अष्टाक्षरीत आहे, म्हणजे प्रत्येक ओळीत ८ अक्षरे. नव्याने लिहिणारे बहुतेकजण इथूनच सुरुवात करतात आणि अक्षरे बोटांवर मोजता येतात, म्हणून हे उदाहरण घेतले. विषय आजोळच्या विहिरीचा आहे. पहिला खर्डा असा होता:

आजोळच्या परसाला
एक विहीर जुनाट,
तिच्या पोटात उतरे
अंधाराची पायवाट.

आजी भल्या पहाटेस
खाली सोडायची दोर,
रहाटाच्या आवाजात
जागे व्हायचे शिवार.

मामी बसायची काठी,
बोलायची हळू काही;
पाणी ऐके तिच्यासाठी,
घरी दुजे कुणी नाही.

मग आला नळ दारी,
सोपी झाली कामे सारी;
दोर कुजला खुंटीला,
कुणी विचारेना तिला.

आता वाकून पाहतो,
तळी थोडे उरे पाणी;
हाक देता येते कानी
तीच हाक, मी ऐकतो.

पुढे वाचण्याआधी हा खर्डा एकदा मोठ्याने वाचा. कान जिथे थबकेल तिथे पेन्सिलीने टिंब करा. थबकण्याचे कारण आत्ता शोधू नका. कारणे नंतर सापडतात, पण पहिल्या वाचनातला कानाचा कौल पुन्हा मिळत नाही. दहा वेळा वाचून झाले की चुकीचे यमकसुद्धा सवयीने बरोबर वाटू लागते. म्हणून हे काम खर्डा किमान दोन-तीन दिवस बाजूला ठेवल्यावर करावे.

पहिली पायरी: यमक कशाला म्हणायचे ते आधी ठरवा

नवखी मंडळी थेट खुणा करायला बसतात आणि 'दोर' व 'शिवार' या दोन्ही शब्दांना एकच खूण देऊन मोकळी होतात, कारण दोन्हींच्या शेवटी 'र' दिसतो. पण यमक कानाचे आहे. मराठीत अकारान्त शब्दाच्या शेवटचा 'अ' आपण उच्चारत नाही. लिहितो 'दोर', पण म्हणतो 'दोर्'. म्हणजे कानाला ऐकू येणारा शेवटचा स्वर 'ओ' आहे, आणि 'शिवार'मध्ये तो 'आ' आहे. 'ओर' आणि 'आर' जुळत नाहीत. 'दोर' आणि 'पोर' जुळतात. 'शिवार' आणि 'दार' जुळतात.

शब्दाच्या शेवटी 'अ' सोडून दुसरा स्वर असेल तर वेगळे बघावे लागते. 'काठी' आणि 'मोठी' यांत 'ठी' सारखा आहे, पण त्याआधीचा स्वर वेगळा आहे. हे यमक चालते, पण पातळ लागते. 'काठी' आणि 'साठी' यांत 'ठी' आणि आधीचा 'आ' दोन्ही जुळतात, म्हणून ते भरीव वाटते. माझी साधी पद्धत अशी: अकारान्त शब्दात शेवटचे व्यंजन आणि त्याआधीचा स्वर जुळला पाहिजे, बाकीच्या शब्दांत शेवटचे अख्खे अक्षर आणि त्याआधीच्या अक्षराचा स्वर जुळला तर पक्के यमक, नुसते शेवटचे अक्षर जुळले तर कच्चे.

काही जोड्या कागदावर जवळच्या दिसतात आणि तोंडात लांब जातात. 'गाळ' आणि 'काल' यांत ळ आणि ल वेगळे आहेत. 'वाचा' म्हणजे वाणी, आणि फुटलेल्या 'काचा', हे दोन 'चा' आपण सारखे म्हणत नाही. उलट ऱ्हस्व-दीर्घाचा फरक लिहिताना दिसतो, गाताना तो बहुतेक वेळा विरघळतो. न आणि ण यांच्याबद्दल मतभेद आहेत. मला 'पाणी' आणि 'कानी' चालते, कुणाला चालणार नाही. काहीही ठरवा, पण खुणा करायला बसण्याआधी ठरवा आणि सगळ्या कडव्यांना तोच नियम लावा. एका कडव्यात ण-न चालवून घ्यायचे आणि दुसऱ्यात खोडायचे, असे केले तर पुढचा सगळा हिशेब चुकतो.

दुसरी पायरी: खुणा

कागदाची उजवी बाजू रिकामी सोडून कविता पुन्हा उतरवून काढा आणि प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द तिथे वेगळा लिहा. हा कंटाळा करू नका. ओळीत शब्द वाचला की त्याचा अर्थ मध्ये येतो. बाजूला एकटा काढला की फक्त आवाज उरतो.

मग खुणा करा. ज्या ओळीला कडव्यात कुणीच जोडीदार नाही तिला फुली द्या. पहिल्या जुळणाऱ्या जोडीला क, दुसरीला ख. यमक कच्चे असेल तर अक्षराखाली रेघ मारा. जुळल्यासारखे वाटते पण नियमात बसत नाही, तिथे प्रश्नचिन्ह टाका.

इथे एक गोष्ट महत्त्वाची आहे. प्रत्येक कडव्याला पुन्हा क पासून सुरुवात करायची. कवितेभर क, ख, ग, घ असे पुढे पुढे जात राहिलात तर पाचव्या कडव्यात ट आणि ठ येतात, आणि दोन कडव्यांची ठेवण सारखी आहे की नाही हे नजरेत येत नाही. आपल्याला आवाजांची यादी नको आहे, ठेवणींची तुलना हवी आहे. गीत असेल आणि प्रत्येक अंतऱ्याची शेवटची ओळ ध्रुवपदाशी जुळत असेल, तर तेवढ्या ओळीला 'धृ' अशी वेगळी खूण द्या, कारण तो आवाज सगळ्या अंतऱ्यांत समाईक असतो.

माझ्या खर्ड्याच्या खुणा अशा निघाल्या:

पहिले कडवे (परसाला, जुनाट, उतरे, पायवाट): × क × क
दुसरे (पहाटेस, दोर, आवाजात, शिवार): × क? × क?
तिसरे (काठी, काही, तिच्यासाठी, नाही): क ख क ख
चौथे (दारी, सारी, खुंटीला, तिला): क क ख ख
पाचवे (पाहतो, पाणी, कानी, ऐकतो): क ख ख क

पाच कडव्यांत चार ठेवणी, आणि त्यातही दुसऱ्या कडव्यात यमक खरे नाहीच. वाचताना मी तीनच ठिकाणी टिंब केले होते: 'शिवार', 'सारी' आणि शेवटचे 'ऐकतो'. तिसऱ्या कडव्यावर टिंब नव्हते, खरे तर त्याचीही ठेवण पहिल्या दोन कडव्यांहून वेगळी आहे. कान तिथे का अडला नाही, या प्रश्नातच पुढच्या निर्णयाचे निम्मे उत्तर आहे.

तिसरी पायरी: प्रत्येक फरक दोष नसतो

खुणा झाल्या की ज्या कडव्यांची रांग वेगळी ती सगळी दुरुस्त करायला घ्यावीशी वाटतात. थांबा. आधी फरकांचे प्रकार वेगळे काढा.

दुसऱ्या कडव्यातला फरक आवाजाचा आहे. ठेवण पहिल्यासारखीच, दुसरी आणि चौथी ओळ जुळवायची होती, शब्द चुकला. इथे निर्णयाची गरज नाही, फक्त दुरुस्ती हवी.

तिसऱ्या कडव्यात दुसरी आणि चौथी ओळ जुळतेच आहे: काही, नाही. शिवाय पहिली आणि तिसरीही जुळते. म्हणजे पहिल्या कडव्याने कानाला जे कबूल केले होते ते तिसऱ्याने पुरे दिले, वर थोडे जास्त दिले. जास्त मिळाल्याने कान अडत नाही, कमी मिळाले की अडतो. म्हणून × क × क आणि क ख क ख एका कवितेत नांदू शकतात. उलट क्रमाने मात्र हे जमत नाही. कविता क ख क ख ने सुरू झाली आणि दोन कडवी तशीच गेली, तर तिसऱ्यात पहिली-तिसरी ओळ मोकळी सोडलेली लगेच कळते. वाटते, लिहिणारा दमला.

चौथ्या कडव्यात फरक मांडणीचा आहे. दुसरी ओळ 'सारी' ही पहिल्या ओळीशी जुळून मोकळी झाली. कान चौथ्या ओळीत तिचा जोडीदार शोधतो आणि तिथे 'तिला' येते. पाचव्यातही तसेच. तिथे 'पाणी' लगेच पुढच्या ओळीतल्या 'कानी'शी जुळते आणि शेवटचे 'ऐकतो' तीन ओळी मागे राहिलेल्या 'पाहतो'शी. इतक्या लांबची जोडी आठ अक्षरांच्या ओळीत ऐकू येते, पण दोन्हीकडे 'तो'कारान्त क्रियापद असल्याने तिला वजन नाही. 'पाहतो, ऐकतो, बोलतो, चालतो' असे कितीही जुळवता येतात, म्हणून कान त्यांना यमक मानायला फारसा तयार नसतो. विभक्तीच्या प्रत्ययांचेही तेच: 'घराला, दाराला, झाडाला'.

शेवटच्या कडव्याने मुद्दाम वेगळे वागायला हरकत नसते. विषय वळला, काळ बदलला, बोलणारा बदलला, की ठेवण बदलून ते दाखवता येते. पण मुद्दाम बदलले असेल तर लिहिणाऱ्याला एका वाक्यात कारण सांगता आले पाहिजे, आणि बदल त्याच ठिकाणी झालेला असला पाहिजे. माझ्या कवितेत काळ वळतो चौथ्या कडव्यात, नळ आला तेव्हा. ठेवण चौथ्यात एकदा आणि पाचव्यात परत एकदा बदलली आहे. पाचव्यातल्या बदलाला माझ्याकडे कारण नव्हते. ते कडवे तसे सुचले, एवढेच. चौथ्याच्या बाजूने थोडे बोलता आले असते: नळ आल्यावर सगळे झटपट होऊ लागले, म्हणून क क ख ख अशा जोड-यमकाची झटपट चाल. तो मुद्दा मी बाजूला लिहून ठेवला आणि पुढे गेलो.

चौथी पायरी: कोणती ठेवण ठेवायची

सोपा मार्ग म्हणजे मतमोजणी: जी ठेवण जास्त कडव्यांत आहे ती ठेवायची. मी तो मार्ग धरत नाही. पहिला खर्डा लिहिताना जी ठेवण सोपी गेली तीच जास्त वेळा आलेली असते. मी तीन गोष्टी बघतो, आणि त्यांत पहिलीला सर्वांत जास्त वेळ देतो.

ती पहिली गोष्ट म्हणजे कवितेतले वाक्य किती लांब चालते. यमकाची जोडी पुरी झाली की कान तिथे वाक्य संपल्याचे धरून चालतो. क क ख ख मध्ये हे दर दोन ओळींनी होते, त्यामुळे कडव्याचे दोन तुकडे पडतात. बडबडगीत, उखाणा, विनोदी कविता, घोषणा यांना हे फार शोभते, कारण तिथे दर दोन ओळींनी टाळी हवी असते. × क × क मध्ये वाक्य चौथ्या ओळीपर्यंत लोंबकळत राहते. माझ्या पहिल्या कडव्यात विहीर दुसऱ्या ओळीत दिसते आणि अंधारात उतरणे चौथ्या ओळीत पुरे होते. दुसऱ्यात दोर सोडल्यावर त्याचा परिणाम चौथ्या ओळीत. तिसऱ्यात मामी बोलते आणि 'घरी दुजे कुणी नाही' हे शेवटी कळते. तिन्ही ठिकाणी अर्थ चार ओळींचा आहे. अशा कवितेला दुसऱ्या-चौथ्या ओळीचे यमक मानवते. जोड-यमक लावले असते तर विहिरीत वाकून बघण्याऐवजी अंगणात उड्या मारल्यासारखे झाले असते.

स्वतःच्या खर्ड्यात हे बघायचे असेल तर यमके विसरून जा आणि प्रत्येक कडव्यात पूर्णविराम कुठे पडतो एवढेच बघा. बहुतेक कडव्यांत तो दुसऱ्या ओळीच्या शेवटी पडत असेल तर तुमची कविता जोड-यमकाची आहे. चौथ्या ओळीपर्यंत तो टिकत असेल तर नाही.

दुसरी गोष्ट: सर्वांत पक्के कडवे कोणते? ज्यातला एकही शब्द बदलायला मन धजत नाही ते. माझ्या कवितेत ते मामीचे कडवे आहे. निवडलेली ठेवण त्या कडव्याला हात न लावता बसली पाहिजे. चांगल्या कडव्याला कमकुवत कडव्यांच्या मापाने कापू नये.

तिसरी गोष्ट किंमत. प्रत्येक पर्यायासाठी किती ओळी नव्याने लिहाव्या लागतील ते मोजा. माझ्यासमोर दोन पर्याय होते. सगळी कविता मामीच्या कडव्यासारखी क ख क ख करायची, किंवा दुसरी-चौथी ओळ सक्तीची आणि पहिली-तिसरी ऐच्छिक ठेवायची. पहिला पर्याय ऐकायला जास्त देखणा होता, म्हणून पहिल्या कडव्यावर तो करून पाहिला:

आजोळच्या परसात
एक विहीर जुनाट,
तिच्या काळोख्या पोटात
उतरते पायवाट.

अक्षरे आठच आहेत, खुणाही बरोबर येतात: क ख क ख. पण मोठ्याने म्हणा. परसात, जुनाट, पोटात, पायवाट. चारही शेवट 'आ'वर टेकतात आणि त व ट यांतला फरक कानाला धड कळत नाही. दोन जोड्या वेगळ्या ऐकू येण्याऐवजी सगळ्यांचा एकच गोळा होतो. क आणि ख निवडताना त्यांचे स्वर एकमेकांपासून लांबचे हवेत. मामीच्या कडव्यात 'काठी' आणि 'काही' यांतही स्वर तेच आहेत, हे मला मान्य आहे. तिथे ठ आणि ह इतके वेगळे आहेत की निभावते, पण काठावर. आणि खरा तोटा निराळाच झाला. 'अंधाराची पायवाट' गेली. अंधारच वाट होऊन खाली उतरतो, ही कल्पना होती. आता पायवाट उतरते आणि पोट काळोखे आहे, जे कुठल्याही विहिरीचे असते. यमकाची एक जोडी वाढवायला कडव्याचा जीव द्यावा लागला. हीच किंमत दुसऱ्या आणि पाचव्या कडव्यातही पडली असती. मी दुसरा पर्याय घेतला.

एक अपवाद इथेच सांगतो. तुम्ही नाव असलेल्या रचनाप्रकारात लिहीत असाल तर ही निवड तुमच्या हातात नसते. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चार चरण असतात आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला. ग्रांथिक ओवीत पहिले तीन चरण जुळतात, चौथा मोकळा आणि आखूड. गझलेत पहिल्या शेरात ठरलेला काफिया म्हणजे यमक, आणि रदीफ म्हणजे यमकामागून जसाच्या तसा येणारा शब्द, हे दोन्ही पुढच्या प्रत्येक शेराच्या दुसऱ्या ओळीत पाळावे लागतात. तिथे वेगळे पडलेले कडवे दुरुस्त करायचे किंवा काढायचे, नाहीतर वर 'अभंग' लिहिलेले खोडायचे. तसेच चाल आधी बांधलेली असेल तर चालीचा ठेहराव जिथे आहे तिथेच यमक हवे.

पाचवी पायरी: दुरुस्ती, स्वस्तातून महागाकडे

सर्वांत स्वस्त दुरुस्ती म्हणजे ओळींची अदलाबदल. क क ख ख मधली दुसरी आणि तिसरी ओळ जागा बदलून ठेवली की आपोआप क ख क ख होते. एक शब्दही नवा लागत नाही. अर्थ परवानगी देतो का, एवढेच बघायचे. चौथ्या कडव्यावर हे केले:

मग आला नळ दारी,
दोर कुजला खुंटीला;
सोपी झाली कामे सारी,
कुणी विचारेना तिला.

आता दुसरी-चौथी जुळते. शिवाय एक दुखणे बरे झाले, जे मला आधी दिसलेच नव्हते. खर्ड्यात 'दोर कुजला खुंटीला' याच्या लगेच पुढे 'कुणी विचारेना तिला' होते. तिथे 'तिला' म्हणजे खुंटीला असे वाचले जात होते, विहिरीला नव्हे. आता मध्ये एक ओळ आली आणि तो घोळ मिटला. कामे सोपी होणे आणि तिला कुणी न विचारणे शेजारी आले, हाही फायदा झाला. काळाचा क्रम थोडा सैल झाला हे खरे, कारण दोर कुजायला वेळ लागतो आणि कामे लगेच सोपी होतात. तेवढे मी सोसले. झटपट चालीचा तो बाजूला लिहून ठेवलेला मुद्दा मात्र खोडला. नळ आल्याचा वेग दाखवण्यापेक्षा विहिरीचे एकटेपण मला जास्त हवे होते. 'खुंटीला' आणि 'तिला' यांत 'ला' प्रत्यय आहे, म्हणजे यमक फक्त 'टी' आणि 'ति' यांच्या स्वरावर उभे आहे. खाली रेघ मारून तसेच ठेवले.

त्याहून महाग दुरुस्ती शेवटच्या शब्दाची. दुसऱ्या कडव्यात 'दोर' ठेवायचा की 'शिवार'? इथे नवखे लोक यमकांच्या शब्दांची यादी काढतात: पोर, मोर, चोर, थोर, घोर. आणि मग त्यातला शब्द ओळीत कोंबतात. त्याआधी स्वतःला विचारावे, या जोडीत खरा शब्द कोणता? दोर पुढे चौथ्या कडव्यात कुजणार आहे, म्हणून तो हवाच. शिवार मात्र यमक जुळल्याच्या भासाने आले होते. रहाटाच्या कुरकुरीने अख्खे शिवार जागे होत नाही. मग त्या आवाजाने खरोखर कोण जागे व्हायचे? ओसरीवर झोपलेला मी.

आजी भल्या पहाटेस
खाली सोडायची दोर,
रहाटाच्या आवाजाने
ओसरीत जागे पोर.

'पोर' यादीतही होते, पण ओळीत ते आठवणीतून आले. खोटे यमक पुष्कळदा ढोबळ गोष्टीवर बसलेले असते. यमक दुरुस्त करताना गोष्टही खरी होते का, ते बघत चला.

पाचव्या कडव्याची दुरुस्ती सर्वांत महाग, कारण तिथे वाक्यच नव्याने बांधावे लागले. अदलाबदल करून पाहिली होती. क ख ख क मध्ये शेवटच्या दोन ओळी उलटवल्या तर क ख क ख होते, पण 'तीच हाक, मी ऐकतो' नंतर 'हाक देता येते कानी' हे उलटे लागते. म्हणून पहिल्या दोन ओळी ठेवल्या आणि पुढच्या दोन टाकून दिल्या. दुसरी ओळ 'पाणी'वर संपते, म्हणून चौथीला 'आणी' किंवा 'आनी' हवे. तिसरी मोकळी.

आता वाकून पाहतो,
तळी थोडे उरे पाणी;
हाक मारतो मी 'आजी',
माझा आवाज ये कानी.

तिसरी ओळ मोकळी असल्यामुळेच तिथे 'आजी' हा शब्द बसू शकला. सगळी कविता क ख क ख केली असती तर त्या जागी 'पाहतो'शी जुळणारे काहीतरी शोधत बसलो असतो. आणि दुसऱ्या कडव्यात रहाटाचा आवाज आहेच, तो इथे परत उमटतो.

शेवटी पडताळा

दुरुस्तीनंतर पुन्हा सगळे शेवटचे शब्द बाजूला काढा आणि पहिल्या खुणा झाकून नव्याने खुणा करा. माझ्या आता अशा आल्या: × क × क, × क × क, क ख क ख, क ख क ख, × क × क. सुरुवात मोकळी, माणसे आणि नळ येतात तिथे घट्ट, आणि शेवटी विहीर एकटी उरते तेव्हा परत मोकळी. हे आधी ठरवलेले नव्हते, पण आता त्याचे कारण सांगता येते, म्हणून राहू दिले. २० पैकी ३ ओळी बऱ्याच बदलल्या, एका ओळीत प्रत्यय तेवढा बदलला आणि दोन ओळींनी जागा बदलली.

मग अक्षरे पुन्हा मोजा. यमक बदलताना अक्षर वाढणे किंवा गळणे ही नेहमीची गोष्ट आहे आणि ते पुन्हा वाचताना दिसत नाही. जीभ सवयीने सांभाळून घेते. 'ओसरीत जागे पोर' याची आठ भरतात: ओ, स, री, त, जा, गे, पो, र. काळही बघा. दुसऱ्या कडव्यात 'सोडायची' आणि 'जागे' एकत्र आले आहेत. कवितेच्या भाषेत 'जागे' हे 'जागायचे' या अर्थाने चालते, पण कुणाला ते आज घडते आहे असे वाटू शकते.

सर्वांत खात्रीचा पडताळा दुसऱ्याच्या तोंडून होतो. ज्याने खर्डा पाहिलेला नाही अशा कुणाला तरी कागद द्या आणि मोठ्याने वाचायला सांगा. तुम्ही फक्त त्याच्या थांबण्याकडे लक्ष द्या. यमकाच्या शब्दावर आवाज किंचित टेकतो. जिथे टेकायला हवा तिथे तो सरळ पुढे गेला, किंवा वाचणाऱ्याने ओळ परत मागून घेतली, तर तिथे अजून काम आहे. मी ही कविता घरातल्या एका वडीलधाऱ्या बाईंकडून वाचून घेतली. 'सारी'वर त्या आता थांबल्या नाहीत. 'कानी'वर मात्र थांबल्या आणि म्हणाल्या, "पाणीला वाणी घे ना." मी लिहून पाहिले: 'परते माझीच वाणी'. यमक जास्त काटेकोर झाले, अक्षरेही आठ. पण विहिरीत वाकून हाक मारणाऱ्या नातवाच्या कानावर 'वाणी' येत नाही, आवाज येतो. ण आणि न चालवून घ्यायचे हे पहिल्याच पायरीवर ठरले होते, म्हणून 'कानी' राहिले.